रक्ताचा थेंब आणि तीन घड्याळे
गर्भवतींची उपदंश, एचआयव्ही व कावीळ-ब यांसाठी तपासणी

(पंचायत सदस्य, शिक्षक व विस्तार अधिकारी यांच्या जिल्हास्तरीय शिबिरात एका निवृत्त वैद्यकीय अधिकाऱ्यांनी दिलेले व्याख्यान)



आजचा विषय थोडा संकोचाचा आहे. ज्या रोगांची नावे आपण घरात मोठ्याने घेत नाही, त्यांच्याविषयी मला बोलावयाचे आहे. म्हणून आरंभी एक जुनी हकीकत सांगतो.

१९८३ साली मी एका ग्रामीण रुग्णालयात नव्यानेच रुजू झालो होतो. सातवा महिना लागलेली एक स्त्री तपासणीस आली. तिचे पहिले मूल मृत जन्मले होते, म्हणून उपदंशाच्या तपासणीसाठी मी तिचे रक्त काढले. उपदंश म्हणजे ज्याला खेड्यापाड्यांत गरमी म्हणतात तो रोग. रक्ताची बाटली एस. टी. ने जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत गेली आणि अहवाल टपालाने एकोणीस दिवसांनी आला. त्याच्या आदल्या आठवड्यात ती बाई बाळंत झाली होती आणि हेही मूल मृतच जन्मले होते. ज्या इंजेक्शनाने ते वाचण्याची आशा होती, ते आमच्या कपाटात पडून होते.

आम्ही तपासणी केली नाही असे कोणी म्हणू शकले नसते. नोंदवहीत ती केल्याची नोंद होतीच. परंतु तपासणी आणि उपचार यांच्यामध्ये जे दिवस गेले, त्यांत मूल गेले. आज तपासणी पुष्कळ सोपी झाली आहे. बोटाला टोचून काढलेल्या रक्ताच्या थेंबावर उपकेंद्रातच उपदंश व एचआयव्ही यांची प्राथमिक चाचणी होते आणि उत्तर अर्ध्या तासाच्या आत मिळते. तरीही मधले दिवस वाया जाण्याचा धोका टळलेला नाही. माझे आजचे सारे बोलणे त्या मधल्या दिवसांविषयी आहे.

तीन रोग, तीन मुदती

हे तिन्ही रोग आईकडून बालकाकडे जातात आणि आईला बहुधा त्यांची जाणीवच नसते. ती धडधाकट दिसते, शेतात राबते. म्हणून लक्षणांची वाट न पाहता प्रत्येक गर्भवतीची तपासणी करावी लागते. मात्र प्रत्येक रोगाची बालकापर्यंत पोहोचण्याची रीत निराळी आहे आणि त्यामुळे त्याला अडविण्याची मुदतही निराळी आहे.

उपदंशाचे जंतू वारेतून थेट गर्भात शिरतात. उपचार न झाल्यास निम्म्याहून अधिक गरोदरपणांत काही ना काही अनर्थ होतो. गर्भ पोटातच दगावतो, मूल अपुऱ्या दिवसांचे जन्मते, जन्मानंतर थोड्याच दिवसांत जाते, किंवा रोग घेऊनच जगते. उपाय जुनाच आहे, बेन्झाथिन पेनिसिलिनचे इंजेक्शन. एका वेळची मात्रा २४ लक्ष युनिट असते. रोग नुकताच जडला असल्याची खात्री असेल तर एक मात्रा पुरते. तो केव्हा जडला हे ठाऊक नसेल, आणि बहुधा ते ठाऊक नसतेच, तर आठवड्याच्या अंतराने तीन मात्रा द्याव्या लागतात. पेनिसिलिन वार ओलांडून गर्भावरही उपचार करते. त्याच्याऐवजी एरिथ्रोमायसिनसारखी गोळी दिली तर गर्भातील रोगाच्या बाबतीत तिच्यावर विसंबता येत नाही. हा उपचार प्रसूतीच्या निदान तीस दिवस आधी सुरू झाला तरच तो बालकासाठी पुरेसा मानला जातो. हे पहिले घड्याळ, आणि ते महिन्यांचे आहे.

कावीळ-ब चा विषाणू मुख्यतः प्रसूतीच्या वेळी, आईच्या रक्ताच्या संपर्कातून बालकाकडे जातो. म्हणून येथे जन्मानंतरही अडविण्याची संधी असते, पण ती फार थोडी असते. जन्मापासून चोवीस तासांच्या आत बालकास कावीळ-ब लसीची पहिली मात्रा मिळाली पाहिजे. आई बाधित असल्याचे ठाऊक असेल तर लसीबरोबर दुसऱ्या मांडीत इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार प्रतिपिंडांचे इंजेक्शन, शक्यतो बारा तासांच्या आत द्यावयाचे असते. ही घाई कशासाठी, असे कोणी विचारील. मोठ्या माणसाला हा विषाणू जडला तर बहुतेकांचे शरीर त्याला हुसकून लावते. जन्मतःच बाधा झालेल्या दहा बालकांपैकी सुमारे नऊ मात्र आयुष्यभर त्याचे वाहक राहतात, आणि त्यांतील काहींना ऐन उमेदीत यकृत आक्रसण्याचा विकार किंवा यकृताचा कर्करोग गाठतो. हे दुसरे घड्याळ तासांचे आहे.

एचआयव्हीचा विषाणू गर्भात, प्रसूतीत आणि पुढे अंगावरच्या दुधातून अशा तिन्ही वाटांनी जाऊ शकतो. काहीच उपाय न केल्यास शंभरांतील पंधरा ते पंचेचाळीस बालके बाधित होतात. आईने रोजची औषधे वेळेवर सुरू करून नियमित घेतली आणि बालकास जन्मापासून निदान सहा आठवडे प्रतिबंधक औषध पाजले, तर हे प्रमाण शंभरांत पाचांच्याही खाली आणता येते. आपल्या देशात २०१४ पासून प्रत्येक बाधित गर्भवतीला ही औषधे आयुष्यभरासाठी देण्याचे धोरण आहे. हे तिसरे घड्याळ कधीच न थांबणारे आहे, कारण येथे एक दिवसाचा खंडही विषाणूच्या पथ्यावर पडतो.

एका गरोदरपणाचे पंचांग

आता हे प्रत्यक्षात कसे घडते ते उदाहरणाने पाहू. उदाहरण मी रचलेले आहे, पण त्यातील अडचणी आपल्या ओळखीच्या आहेत. मराठवाड्यातील एक ऊसतोड कामगार स्त्री घ्या. पाळी चुकण्याचा हिशेब १ जुलैपासून धरला तर तिच्या बाळंतपणाची तारीख ७ एप्रिल येते. २३ सप्टेंबरला, बाराव्या आठवड्यात, तिची उपकेंद्रात नोंदणी होते. आरोग्यसेविका तिला तपासणीचा हेतू समजावून सांगते आणि तिच्या संमतीने बोटाचे रक्त घेते. एचआयव्हीची चाचणी निर्दोष येते, उपदंशाची मात्र सदोष. प्राथमिक आरोग्य केंद्रात कावीळ-ब साठी केलेली चाचणीही सदोष येते.

येथे एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. बोटाच्या रक्तावरची उपदंशाची जलद चाचणी एकदा सदोष आली की उपचारानंतरही ती बहुधा सदोषच राहते. रोग आज किती जोमात आहे आणि उपचार लागू पडला की नाही, हे तिच्यावरून कळत नाही. त्यासाठी आरपीआर किंवा व्हीडीआरएल ही दुसरी चाचणी लागते. तीत रक्तद्रव दुप्पट, चौपट, आठपट असा पातळ करीत जातात आणि कोठपर्यंत खूण दिसते ते पाहतात. आपल्या या बाईचे उत्तर एकास बत्तीस आले असे धरा. मात्र या उत्तरासाठी पहिले इंजेक्शन थांबवून ठेवावयाचे नसते. १९८३ साली माझी चूक नेमकी हीच झाली. मी कागदाची वाट पाहत राहिलो.

पहिली मात्रा ३ ऑक्टोबरला मिळाली, दुसरी १० ऑक्टोबरला. तिसरी १७ तारखेस द्यावयाची, पण १४ तारखेलाच मुकादमाने टोळी हलविली. नवरा-बायकोच्या नावावर कोयत्याची उचल घेतलेली असते, तेव्हा मागे थांबणे तिच्या हाती नसते. दोन मात्रांमध्ये चौदा दिवसांहून अधिक अंतर पडू देऊ नये असा संकेत आहे. म्हणजे २४ ऑक्टोबरपर्यंत तिसरे इंजेक्शन मिळाले नाही, तर तिन्ही मात्रा पहिल्यापासून द्याव्या लागतील. तिच्या आरोग्यसेविकेने दूरध्वनी करून कारखान्याच्या परिसरातील आरोग्य केंद्राला तारीख कळविली आणि तिच्या जवळच्या माता-बाल संरक्षण कार्डावर दिलेल्या मात्रा व पुढील तारीख लिहून दिली. तिसरी मात्रा १८ तारखेस मिळाली.

नवऱ्याचीही तपासणी व उपचार झाले. हे झाले नसते तर तीन इंजेक्शने घेऊनही तिला पुन्हा तोच रोग जडला असता. नवरा-बायकोपैकी रोग कोणी आणला, हा प्रश्न अशा वेळी घराघरांत उठतो आणि दोष बहुधा बाईच्या माथी येतो. चाचणीला या प्रश्नाचे उत्तर देता येत नाही. उपदंशाचा पहिला व्रण दुखत नाही, आपोआप भरतो, आणि रोग पुढे कित्येक वर्षे अंगात मुकाट राहतो. कावीळ-ब तर त्या स्त्रीला कदाचित तिच्या स्वतःच्या जन्माच्या वेळीच मिळालेली असते.

कावीळ-ब साठी डिसेंबरात तिच्या रक्तातील विषाणूंचे प्रमाण मोजले. ते एका मिलिलिटरमागे दोन लक्ष एककांहून अधिक निघाले. इतके प्रमाण असेल तर केवळ लसीवर भिस्त ठेवता येत नाही. अठ्ठाविसाव्या आठवड्यापासून, म्हणजे तिच्या बाबतीत १३ जानेवारीपासून, रोज टेनोफोव्हिरची एक गोळी प्रसूतीपर्यंत घ्यावी लागते. ही औषधे व तपासण्या जुलै २०१८ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय विषाणूजन्य कावीळ नियंत्रण कार्यक्रमातून मिळतात. आता ऊस तोडणाऱ्या बाईने पहाटे फडावर जाण्याआधी गोळी घ्यावी, तर गोळ्यांची पुढची पाळी खोपीपर्यंत पोहोचली पाहिजे. हे काम गावची आशा करू शकत नाही. ते त्या परिसरातील आशेने केले पाहिजे, आणि तिला ही बाई आपली वाटली पाहिजे.

शेवटच्या तिमाहीत तिची एचआयव्ही व उपदंशाची तपासणी पुन्हा करण्यात आली. पहिली चाचणी निर्दोष असताना दुसरी कशासाठी, हा प्रश्न अनेकदा येतो. नवी बाधा झाल्यावर काही आठवडे चाचणीत ती दिसत नाही, शिवाय गरोदरपणातही बाधा होऊ शकते. नव्या बाधेत रक्तातील विषाणूंचे प्रमाण फार वाढलेले असते आणि बालकाला धोकाही तितकाच वाढतो. एचआयव्हीची चाचणी याही वेळी निर्दोष आली. आरपीआरचे उत्तर बत्तिसावरून चारावर उतरले होते, म्हणजे पेनिसिलिन लागू पडले होते.

२८ मार्चच्या पहाटे दोन वाजता ग्रामीण रुग्णालयात ती बाळंत झाली. बालक अडीच किलोचे, रडके, ठणठणीत. येथून दुसरे घड्याळ सुरू झाले. लसीची मात्रा अर्धा मिलिलिटर. पण लस शीतकपाटात, शीतकपाटाच्या खोलीला कुलूप, किल्ली औषधनिर्मात्याकडे आणि दिवस रविवारचा. त्यातच कुपी दहा मात्रांची. एका बालकासाठी दहा मात्रांची कुपी फोडली तर उरलेल्या वाया जातील, या भीतीने परिचारिका सोमवारची वाट पाहतात. वस्तुतः ही भीती निराधार आहे. उघडलेली कावीळ-ब ची कुपी योग्य थंडाव्यात ठेवल्यास आणि तिच्यावर उघडल्याची तारीख लिहिल्यास अठ्ठावीस दिवसांपर्यंत वापरता येते. मात्र ही लस गोठू देऊ नये, गोठलेली लस निकामी होते. या रुग्णालयात किल्ली प्रसूतिकक्षात टांगण्याची पद्धत होती. पहाटे साडेतीन वाजता बालकाच्या एका मांडीत लस आणि दुसरीत इम्युनोग्लोब्युलिन देण्यात आले. पुढील मात्रा सहा, दहा व चौदा आठवड्यांना नेहमीच्या पंचगुणी लसीतून मिळाल्या. आईने बाळाला अंगावर पाजावयासही हरकत नव्हती.

बालकाची आरपीआर चाचणीही सदोष आली, एकास दोन. घरची मंडळी घाबरली. परंतु आईची प्रतिपिंडे वारेतून बालकाकडे येतच असतात. बालकाचे उत्तर आईच्या उत्तराच्या चौपट किंवा अधिक असते, म्हणजे येथे एकास सोळा आले असते, तर ती बाधेची खूण ठरली असती. आईचा उपचार पूर्ण, बालक निरोगी आणि उत्तर आईहूनही कमी, म्हणून डॉक्टरांनी त्याला नियमित तपासणीवर ठेवले. आईचा उपचार झालाच नसता किंवा शेवटच्या महिन्यात सुरू झाला असता, तर बालक कितीही निरोगी दिसले तरी त्याला दहा दिवस पेनिसिलिनची इंजेक्शने द्यावी लागली असती, कारण जन्मतः उपदंश असलेली बरीच बालके पहिल्या दिवशी अगदी निरोगी दिसतात.

आई एचआयव्ही बाधित असती तर

तर बालकाला जन्मताच नेविरापिनचे पातळ औषध रोज पाजणे सुरू झाले असते. आईची औषधे उशिरा सुरू झाली असती तर बालकाला दोन औषधे द्यावी लागली असती. येथेही आईची प्रतिपिंडे बालकाच्या रक्तात दीड वर्षापर्यंत टिकतात, म्हणून नेहमीची चाचणी त्या वयात फसवी ठरते. त्याऐवजी सहाव्या आठवड्यात बालकाच्या टाचेचे रक्त विशेष कागदावर सुकवून प्रयोगशाळेकडे धाडतात आणि तेथे प्रत्यक्ष विषाणूचाच शोध घेतात. पहिले सहा महिने केवळ आईचे दूध द्यावे. थोडे अंगावरचे आणि थोडे वरचे असे मिश्र पोषण या वयात टाळलेच पाहिजे. मध, गुटी, पाणी हे सारे वरचेच समजावे. ही गोष्ट सुईणीला आणि आजीला पटविणे हे औषध देण्याइतकेच महत्त्वाचे आहे.

काम कोठे अडते

माझ्या अनुभवात काम तीन जागी अडते. पहिली जागा भीतीची. पेनिसिलिनने तीव्र प्रतिक्रिया येईल या धास्तीने अनेक ठिकाणी इंजेक्शन न देताच रुग्णाला पुढच्या रुग्णालयाकडे धाडतात. प्रतिक्रिया येऊ शकते, पण ती क्वचित येते. पूर्वी ॲलर्जी झाली होती काय हे विचारावे, ॲड्रिनॅलिन हाताशी ठेवावे, अर्धा तास बसवून घ्यावे आणि इंजेक्शन द्यावे. पुढे धाडलेली बाई पोहोचेलच असे नाही. गरीब बाईला पन्नास किलोमीटरचा प्रवास म्हणजे बुडालेली मजुरी आणि नवऱ्याचा प्रश्न.

दुसरी जागा हिशेबाची. ७ एप्रिल ही तारीख, म्हणून ८ मार्चपर्यंत वेळ आहे, असे कोणी मानील. पण ती छत्तिसाव्या आठवड्यात, म्हणजे १० मार्चलाच बाळंत झाली, तर मुदत ८ फेब्रुवारीलाच संपली असती. आणि उपदंशाच्या बाईला अपुऱ्या दिवसांचे बाळंतपण येण्याचा संभव अधिक असतो. म्हणून सदोष चाचणीनंतरचा पहिला दिवस हाच उपचाराचा दिवस मानावा.

तिसरी जागा जिभेची, आणि ती आपल्या सर्वांशी संबंधित आहे. एचआयव्हीविषयी २०१७ चा कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून अमलात आहे. त्यानुसार संमतीवाचून तपासणी करता येत नाही आणि बाधित व्यक्तीची ओळख तिच्या संमतीवाचून उघड करता येत नाही. उपदंश व कावीळ यांच्या बाबतीतही तीच मर्यादा आपण पाळली पाहिजे. पंचायत सदस्यांनी बाधितांची यादी मागू नये. लहान गावात तर 'किती निघाल्या' हेही विचारू नये, कारण सात गर्भवती असलेल्या गावात 'एक' हा आकडा सांगणे म्हणजे नाव सांगण्यासारखेच आहे. एकदा नाव फुटले की पुढच्या वर्षी गर्भवती उपकेंद्राकडे फिरकत नाहीत.

मग विचारावे काय? ग्राम आरोग्य समितीच्या बैठकीत विचारावे, की नोंद झालेल्या प्रत्येक गर्भवतीच्या तिन्ही चाचण्या पहिल्या भेटीतच झाल्या काय. केंद्रात बेन्झाथिन पेनिसिलिनच्या कुप्या आज किती आहेत. रविवारी रात्री लसीची किल्ली कोणापाशी असते. घरी किंवा वाटेत बाळंत झालेल्या बाईच्या बालकाला चोवीस तासांत केंद्रात कोण नेते. टोळ्या निघण्याआधी गर्भवतींच्या कार्डांवर पुढच्या तारखा लिहून झाल्या काय, आणि बाहेरून आलेल्या टोळ्यांतील गर्भवतींची कार्डे आपल्या केंद्राने पाहिली काय. या प्रश्नांना कोणाचेही नाव लागत नाही, आणि त्यांची उत्तरे मिळेपर्यंत ते विचारता येतात. शिक्षकांना एवढीच विनंती, की साखरशाळेत किंवा गावच्या शाळेत नव्या टोळीची मुले आली, तर त्यांची आई गरोदर आहे काय याची आशेला आठवण द्यावी. पुढचे ती पाहील.

१९८३ सालची ती बाई नंतर पुन्हा गरोदर राहिली. त्या वेळी मी अहवालाची वाट पाहिली नाही. नवरा-बायको दोघांनाही इंजेक्शने दिली. मुलगी झाली, पूर्ण दिवसांची. औषध तेच होते, कपाटही तेच होते. फक्त ते या वेळी वेळेवर उघडले.